एम१ आणि एम३: खात्यातला कोणता रुपया कुठे मोजला जातो

रिझर्व्ह बँक दर पंधरवड्याला देशातल्या पैशाचे आकडे जाहीर करते आणि त्यात एम१ आणि एम३ अशा दोन ओळी असतात. पहिल्याला संकुचित पैसा म्हणतात, दुसऱ्याला विस्तृत पैसा. रोख रक्कम म्हणजे एम१ आणि बँकेतले पैसे म्हणजे एम३, अशी समजूत सर्रास दिसते. ती चुकीची आहे. एम१मध्येही बँकेतले पैसे असतात, आणि एम३ ही काही वेगळी थैली नव्हे. एम१ आख्खा एम३च्या पोटात असतो.

एम१मध्ये येते लोकांजवळची रोख आणि बँकांमधल्या मागणी ठेवी, म्हणजे मागताक्षणी देणे बँकेवर बंधनकारक असलेले पैसे. व्यापाऱ्याचे चालू खाते हे त्याचे चोख उदाहरण. रिझर्व्ह बँकेकडच्या काही किरकोळ ‘इतर ठेवी’ही यात धरतात, पण त्यांचा आकडा इतका लहान असतो की सोडून दिला तरी चालेल. या एम१मध्ये बँकांमधल्या मुदत ठेवी मिळवल्या की एम३ तयार होतो. एम२ आणि एम४ या मापांत पोस्टातल्या ठेवीही धरल्या जातात, मात्र चर्चेत ती फारशी येत नाहीत.

इथवर सोपे आहे. खरी गंमत बचत खात्याची. एटीएममधून केव्हाही पैसे काढता येतात, म्हणून ते मागणी ठेवीत जावे असे वाटते. पण बहुतेकांच्या खात्यात काही रक्कम महिनोन्‌महिने हलत नाही, आणि ती वागते मुदत ठेवीसारखी. त्यामुळे आपल्याकडे बचत खात्याचे दोन तुकडे करतात. सहामाहीतल्या प्रत्येक महिन्याची किमान शिल्लक घ्यायची आणि तिची सरासरी काढायची. तेवढा भाग मुदत ठेव धरायचा, आणि सहामाहीतली प्रत्यक्ष सरासरी शिल्लक त्याहून जितकी जास्त असेल तेवढा मागणी ठेव. हा हिशेब बँक ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला सर्व बचत खात्यांचा मिळून करते आणि निघालेले प्रमाण पुढची सहामाही वापरते.

समजण्यासाठी एकच खाते घेऊ. एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांतली किमान शिल्लक अनुक्रमे १२, १५, १०, १४, ११ आणि १६ हजार रुपये होती. बेरीज ७८ हजार, सरासरी १३ हजार. सहामाहीतली प्रत्यक्ष सरासरी शिल्लक २० हजार असेल आणि आजही खात्यात तेवढेच असतील तर त्यातले १३ हजार, म्हणजे ६५ टक्के, मुदत ठेवीत गेले आणि ७ हजार, म्हणजे ३५ टक्के, मागणी ठेवीत. आता याच माणसाच्या घरात ५ हजार रोख आणि बँकेत २ लाखांची एफडी आहे असे धरा. एम१मध्ये त्याचे मोजले जातील ५ हजार रोख आणि बचत खात्यातले ७ हजार, एकूण १२ हजार. एम३मध्ये मात्र ५ हजार, पूर्ण २० हजार आणि २ लाख मिळून २ लाख २५ हजार. माणूस एकच, पण दोन मापांत जवळजवळ एकोणीस पटींचा फरक पडला.

त्याने एटीएममधून ३ हजार काढले तर काय होईल? रोख ३ हजारांनी वाढली. खाते तेवढेच घटले, पण ३५ टक्क्यांच्या प्रमाणाने मागणी ठेव फक्त १,०५० रुपयांनी कमी झाली. म्हणजे एम१ वाढला १,९५० रुपयांनी. एम३ जागचा हलला नाही. एफडी मोडून पैसे बचत खात्यात घेतले, तरी एम१मध्ये जाईल फक्त ३५ टक्के भाग. चालू खात्यात घेतले तर सगळी रक्कम जाईल. एम३ दोन्ही वेळा तेवढाच राहतो. यूपीआयने वाण्याला ३०० रुपये दिले तर खाते बदलते, एकूण पैसा नव्हे. पण बँकेने कोणाला ५ लाखांचे कर्ज दिले आणि ती रक्कम विक्रेत्याच्या चालू खात्यात जमा झाली, तर एम१ आणि एम३ दोन्ही ५ लाखांनी वाढतात. विस्तृत पैसा मुख्यतः वाढतो तो असा, नोटा छापून नव्हे.

दोन्ही मापांतून काय वगळले जाते, हेही पाहायला हवे. बँकेच्या तिजोरीतली रोख मोजत नाहीत, कारण ती लोकांच्या हातात नाही. बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या ठेवी, सरकारचे रिझर्व्ह बँकेतले पैसे, शेअर, सोने, क्रेडिट कार्डाची मर्यादा, हे सगळे बाहेरच. आपल्याकडे एक गल्लत हमखास होते: नागरी सहकारी बँकेतली ठेव एम३मध्ये येते, पण पतसंस्थेतली ठेव येत नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. पतसंस्थेने तो पैसा जिल्हा बँकेत ठेवला की तो तिच्या नावावरची ठेव म्हणून मोजला जातो, ठेवीदाराच्या नावावर नाही.

ही दोन मापे किती वेगळी वागू शकतात, ते नोटाबंदीने दाखवले. नोव्हेंबर २०१६मध्ये चलनातल्या सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा बाद झाल्या. मार्च २०१६अखेर लोकांजवळ सुमारे १६ लाख कोटींची रोख होती, वर्षभराने ती सुमारे १२.६ लाख कोटींवर आली. पण पैसा नाहीसा झाला नव्हता, तो खात्यांत शिरला होता. चालू खात्यात गेलेला पैसा एम१मध्येच राहिला, बचत खात्यातला अंशतः राहिला आणि एफडीत गेलेला बाहेर पडला. वर्षअखेर एम१ जेमतेम तीन टक्क्यांनी वर होता, तर एम३ सुमारे दहा टक्क्यांनी वाढून १२८ लाख कोटींच्या आसपास पोचला. त्या वेळी नुसते चलनाचे आकडे पाहून ‘देशातला पैसा आटला’ म्हणणाऱ्याने विस्तृत पैशाची ओळ वाचलीच नव्हती. उलट नुसता एम३ पाहणाऱ्याला बाजारात हातात नोट नसल्याची अडचण दिसली नसती. रोखीने चालणाऱ्या धंद्याची नाडी एम१मध्ये लागते, बँकांच्या कर्जपुरवठ्याची एम३मध्ये.

दुसऱ्या देशाच्या आकड्यांशी तुलना करताना मात्र नाव सारखे म्हणून माप सारखे धरू नये. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे बचत ठेवी पूर्वी एम१मध्ये धरत नसत, त्या एम२मध्ये असत, आणि बचत खात्यातून महिन्याला सहाच सोयीच्या हस्तांतरांची मर्यादा होती. एप्रिल २०२०मध्ये फेडरल रिझर्व्हने ती मर्यादा काढली आणि मे २०२०पासूनच्या आकड्यांत बचत ठेवी एम१मध्ये घेतल्या. एम१ एका महिन्यात सुमारे ५ लाख कोटी डॉलरवरून १६ लाख कोटींच्या वर गेला. त्या आलेखावरची उभी रेघ दाखवून ‘एवढे डॉलर छापले’ असे संदेश अजून फिरतात. फेडने त्या काळात पैसा ओतला होता हे खरे, पण त्या एका महिन्यातली उडी जवळजवळ सगळी या वर्गबदलाची होती. एम२मध्ये बचत ठेवी आधीपासूनच होत्या, म्हणून एम२च्या आलेखात तशी उभी रेघ सापडत नाही.