बूट धुऊनही वास परत येतो? मग पाय आणि मोजे बघा

आमच्या दुकानातून बूट परत जातो तेव्हा तो आतून धुतलेला, पुसलेला आणि पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण सुकवलेला असतो. त्याला वास नसतो, हे आम्ही स्वतः नाक लावून पाहतो. तरीही काही ग्राहक आठ-दहा दिवसांत तोच जोड परत घेऊन येतात आणि म्हणतात, "नीट धुतला नव्हता तुम्ही." त्यांचं वाईट वाटणं आम्हाला पटतं, कारण पैसे देऊनही त्रास तिथेच राहिलेला असतो. पण अशा जोडांमध्ये दोष बहुतेक वेळा बुटात नसतो. बुटात वास साठतो, तयार होतो तो पायावर आणि मोज्यात. ते कसं आणि तिथे काय करायचं, हे सांगायला हे पत्रक.

घामाला वास नसतो

तळपायावर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. दोन्ही पायांच्या मिळून साधारण अडीच लाख. हा घाम म्हणजे बहुतांश पाणी आणि थोडं मीठ, आणि ताजा असताना त्याला जवळजवळ वासच नसतो. पायाच्या कातडीवर राहणारे जिवाणू मात्र घामातले आणि मेलेल्या कातडीतले कण खातात. त्यातल्या ल्युसिन नावाच्या घटकापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, आणि पायाचा तो आंबूस वास मुख्यतः याच आम्लाचा. काही पायांचा वास जुन्या चीजसारखा येतो, तोही योगायोग नाही. काही चीजच्या सालीवर जे जिवाणू वाढवतात, त्यांचेच भाऊबंद आपल्या बोटांच्या बेचक्यांत राहतात.

हे जिवाणू सगळ्यांच्याच पायावर असतात आणि ते कायमचे घालवता येत नाहीत. त्यांना वाढायला ऊब, ओल, मेलेली कातडी आणि वेळ लागतो. बुटात ऊब तर राहणारच. आपल्या हातात उरते ती ओल.

कळव्याचे एक ग्राहक

गेल्या पावसाळ्यात कळव्याचे एक दादा सेफ्टी शूज घेऊन तिसऱ्यांदा आले. ठाण्याहून लोकलने रबाळ्याला जायचं, कारखान्यात बारा तासांची पाळी, आणि घरी पोचेपर्यंत चौदा तास पाय बुटात. तिसऱ्या वेळी आम्ही बूट घेतले नाहीत. त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "दादा, जरा मोजे काढून दाखवा."

मोजा टाचेकडे कोरडा आणि बोटांकडे ओलाचिंब होता. वासही सगळा बोटांकडेच. पाय पाहिला तर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली कातडी पांढरी, फुगलेली आणि सोलवटलेली. आपल्याकडे याला चिखल्या म्हणतात. मोज्यांचं विचारलं, तर नायलॉनचे दोनच जोड. रात्री साबण लावून धुवायचे, फ्रिजच्या मागे वाळत टाकायचे आणि सकाळी सहाला घालायचे. "वाळलेले असतात का?" "वरून वाळतात हो, बोटांपाशी जरा गार लागतात."

म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधीच पाय ओल्या मोज्यात. वर संध्याकाळी घरी आल्यावर ते बादलीभर पाण्याने पाय धूत होते, पण पुसत नव्हते. "चालता चालता वाळतात ना!" वरची बाजू वाळते, बेचकी वाळत नाही.

आम्ही चार गोष्टी सांगितल्या. चिखल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मोज्यांचे सहा जोड करा. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला. आणि रोज रात्री बेचक्या पुसा. डॉक्टरांनी बुरशी असल्याचं सांगून मलम दिलं. दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा वास बराच उतरला होता. त्यानंतर बूट एकदा पुन्हा धुतले, कारण आधीचा वास इनसोलमध्ये मुरला होता. इनसोल बदलूनच दिला. तेव्हापासून तो जोड वासासाठी परत आलेला नाही.

आधी शोधा, वास नेमका कुठे आहे

आंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडे करा आणि दोन तास घरात अनवाणी बसा. मग बेचकीत बोट फिरवून त्याचा वास घ्या. तेवढ्यात आंबूस आला, तर काम पायावर करायचं आहे.

मोज्यासाठी धुतलेला, पूर्ण वाळलेला मोजा घ्या. कोरडा असताना तो स्वच्छच वाटेल. बोटांकडचा भाग कोमट पाण्याने ओला करून हातात दाबून धरा आणि मिनिटभराने वास घ्या. जुना वास उठला, तर मोजा धुतला गेलाच नाही असं समजा. हा प्रयोग नक्की करून पाहा. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना आपले मोजे स्वच्छ असल्याची खात्री असते आणि इथे ती खोटी ठरते.

बूट दोन दिवस न घालता, लेस सैल करून हवेवर ठेवा. तरीही त्यात नाक घालवत नसेल, तर तो आमच्याकडे आणा.

पाय धुणं आणि बेचक्या पुसणं

आंघोळीत अंगावरून ओघळलेलं साबणाचं पाणी पायांवरून गेलं म्हणजे पाय धुतले, असं होत नाही. वाकून किंवा स्टुलावर बसून प्रत्येक बेचकीत साबणाचं बोट फिरवावं लागतं. साबण साधाच पुरतो. टाचेवरच्या आणि चवड्यावरच्या जाड कातडीवर आठवड्यातून दोनदा वज्री फिरवा, कारण ती मेलेली कातडी जिवाणूंचं खाणं आहे. लाल होईपर्यंत मात्र घासू नका. दिवसातून चार-चार वेळा पाय धुणंही चुकीचं. कातडी कोरडी पडून चिरते आणि चिरेतून नवा त्रास सुरू होतो. घरी आल्यावर एकदा आणि आंघोळीत एकदा, एवढं पुरे.

खरं काम यानंतरचं. जाड टर्किश टॉवेल बेचकीत शिरत नाही. जुना सुती पंचा घ्या, त्याचं टोक दुमडून बोटांमध्ये अलगद घाला आणि तिथे क्षणभर दाबून धरा. घासायचं नाही, टिपायचं. एका पायाला चार, दोन्हींना मिळून आठ बेचक्या. करंगळीची बेचकी सर्वांत अरुंद, चिखल्या बहुधा तिथूनच सुरू होतात, म्हणून ती दोनदा टिपा. मग दहा मिनिटं पाय पंख्याखाली मोकळे ठेवा. सकाळच्या घाईत दहा मिनिटं मिळत नसतील, तर आंघोळ झाल्याबरोबर पाय पुसा आणि मोजे सगळ्यात शेवटी, घराबाहेर पडताना घाला.

पावडर टाकायची तर पूर्ण कोरड्या पायावर आणि अगदी हलकी. ओल्या बेचकीत ती भिजून गोळा होते आणि ओल धरून बसते. चिखल्या झाल्या असतील तर पायाचा पंचा वेगळा ठेवा, आणि कपडे घालताना मोजे आधी, अंतर्वस्त्र नंतर. पायाची बुरशी कपड्यावरून जांघेत जाते आणि तिथे गजकर्ण उठतं.

मोजे

सुती मोजे बरे, असं सगळे सांगतात, आणि ते अर्धंच खरं आहे. सूत घाम पितं, पण प्यायलेला घाम धरून ठेवतं. ठाण्याच्या दमट हवेत, बंद बुटात ते दिवसभर वाळत नाही. नायलॉन आणि पॉलिस्टर पाणी कमी धरतात, पण कातडीचा तेलकटपणा त्यांना चिकटून राहतो आणि त्याचा वास धुऊनही सहज निघत नाही. आमचा अनुभव असा की जास्त सूत आणि थोडं नायलॉन असलेला, बोटांकडे फार जाड नसलेला मोजा रोजच्या वापराला बरा. त्याहून महत्त्वाचं, तो दुपारी बदलणं. दुपारी मोजा बदलला की ओल आणि ऊब एकत्र असण्याचा सलग वेळ अर्ध्यावर येतो. काढलेला मोजा डब्याच्या पिशवीत न कोंबता वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा.

धुताना मोजा उलटा करा. घाम आणि मेलेली कातडी आतल्या बाजूला असते, आणि सरळ धुतलेल्या मोज्याची बाहेरची, जरा कमी मळलेली बाजूच चोळली जाते. लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा, कारण थंड किंवा कोमट पाण्यात पायाची बुरशी टिकून राहू शकते. नायलॉनचा आणि इलॅस्टिकचा मोजा इतकं गरम पाणी सोसत नाही. चिखल्या असताना असे मोजे वापरूच नयेत हे बरं. धुण्याची पावडर मोजकीच घाला आणि दोन पाण्यांतून खळबळून काढा, कारण उरलेला साबणही धाग्यात बसतो. कपडे मऊ करणारं लिक्विड मोज्यांना नको. त्याचा थर बसून सूत घाम पिणं कमी करतं.

वाळत टाकताना मोजा उलटाच ठेवा आणि बोटांकडचं टोक वर करून चिमटा लावा. पाणी खाली निथळतं आणि जिथे कोरडेपणा हवा ते टोक आधी वाळतं. पावसाळ्यात बाल्कनीत दोन दिवस कुबट पडण्यापेक्षा खोलीत पंख्याखाली, एकमेकांपासून बोटभर अंतरावर टाका. वाळला की नाही हे हाताला नीट कळत नाही. बोटांची शिवण गालाला लावून पाहा. गार लागली तर तो मोजा अजून ओला आहे.

हे घरी बसून बरं होणार नाही

बेचकीत कातडी पांढरी होऊन सोलत असेल, खाज किंवा चीर असेल, तर डॉक्टरांकडे जा. मलम सुरू केलं की खाज थांबताच सोडू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. नाहीतर महिन्याभरात तेच परत येतं.

तळव्यावर, विशेषतः टाचेवर आणि चवड्यावर, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील आणि पाय ओले झाल्यावर ते जास्त उठून दिसत असतील, तर तो जिवाणूंचा वेगळा आजार आहे. त्याला वास फार उग्र असतो आणि बुरशीचं मलम त्यावर चालेलच असं नाही. त्यावर डॉक्टर निराळं औषध देतात. काही न करताही तळवे सतत घामाने निथळत असतील, तर घाम कमी करणारं अॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध असतं, पण तेही सल्ल्यानेच, रात्री आणि पूर्ण कोरड्या पायावर लावायचं.

मधुमेह असेल तर पाय गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, कारण चटका कळत नाही. बेचकीत क्रीमही चोपडू नका. साचलेल्या पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि पायाला जखम असेल, तर वास सोडा, लेप्टोस्पायरोसिसच्या शक्यतेसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

बूट घेऊन याल तेव्हा त्या दिवशी घातलेले मोजेही पिशवीतून घेऊन या. लाजू नका, आमचं हे रोजचं काम आहे. मोजे पाहून बूट धुवायची गरज आहे का हे आम्ही सांगू. नसेल तर तसं सांगून बूट परत देऊ, आणि पाहण्याचे पैसे घेणार नाही.