गुणोत्तर कसोटी आणि मूळ कसोटी

अनंत श्रेढी अभिसारी आहे की अपसारी, हे तिची बेरीज न काढता ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन कसोट्या. महाविद्यालयात त्यांना सर्रास रेशो टेस्ट आणि रूट टेस्ट म्हणतात. गुणोत्तर कसोटी अठराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ द'अलांबेर यांच्या नावाने ओळखली जाते. मूळ कसोटी कोशी यांनी १८२१ च्या आपल्या ग्रंथात मांडली. या नोंदीत श्रेढीची सर्व पदे धन आहेत असे धरले आहे. ऋण पदे असल्यास त्यांची केवल मूल्ये घेऊन हेच करता येते, मात्र त्यातून निघते ते केवल अभिसरण.

गुणोत्तर कसोटीत aₙ₊₁/aₙ ची सीमा काढतात, मूळ कसोटीत aₙ च्या n व्या मुळाची. सीमा १ पेक्षा कमी आली तर श्रेढी अभिसारी, जास्त आली तर अपसारी. दोन्हींमागे कल्पना एकच आहे. दिलेल्या श्रेढीची तुलना भूमिती श्रेढीशी करायची आणि पदे कोणत्या सामाईक गुणोत्तराच्या वेगाने घटतात ते पाहायचे. सीमा १ आली की निर्णय होत नाही.

कोणती कसोटी लावायची हे पदाच्या घडणीवरून दिसते. पदात n! किंवा लांबलचक गुणाकार असेल तर गुणोत्तरात बहुतेक सगळे छाटले जाते. n!/nⁿ या पदासाठी गुणोत्तर 1/(1+1/n)ⁿ उरते, त्याची सीमा 1/e, म्हणून श्रेढी अभिसारी. पद मुळातच n व्या घातात असेल तर मूळ कसोटी सोपी. (n/(n+1)) चा n² वा घात घेतला तर n व्या मुळानंतर (n/(n+1))ⁿ उरते आणि त्याचीही सीमा 1/e येते.

सोयीपलीकडचा फरक असा: aₙ हे पद म्हणजे पहिले पद गुणिले त्यानंतरची सगळी क्रमागत गुणोत्तरे. त्यामुळे n वे मूळ हे जवळपास त्या गुणोत्तरांचा गुणोत्तर मध्य असते. मध्य काढला की चढउतार विरतात. n सम असताना 2¹⁻ⁿ आणि विषम असताना 2⁻¹⁻ⁿ अशी पदे घेतली, तर गुणोत्तर एकदा 1/8, एकदा 2 असे हेलकावे खात राहते आणि गुणोत्तर कसोटी हतबल होते. n वे मूळ मात्र शांतपणे 1/2 कडे जाते. मूळ कसोटी अधिक बलवान आहे असे म्हणतात ते याच अर्थाने.

पण याच नात्याची दुसरी बाजू विद्यार्थी हमखास विसरतात. गुणोत्तरांची सीमा L असेल तर त्यांच्या गुणोत्तर मध्याची सीमाही L च असते. म्हणजे गुणोत्तराची सीमा १ आली की n व्या मुळाचीही १ च येणार. अशा वेळी मूळ कसोटी लावून पाहणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे. उत्तरपत्रिकांत मात्र हेच दिसते: एक कसोटी निष्फळ ठरली, लगेच दुसरी.

सीमा १ का येते? 1/nᵖ या पदाचे गुणोत्तर p कितीही असला तरी १ कडेच जाते, आणि ही श्रेढी p > 1 असताना अभिसारी, p ≤ 1 असताना अपसारी असते. भूमिती श्रेढीची फूटपट्टी इथे फार जाडीभरडी पडते; n च्या घाताच्या वेगाने घटणारी सगळी पदे तिला सारखीच दिसतात. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक गुणोत्तर १ पेक्षा लहान आहे म्हणून श्रेढी अभिसारी ठरवणे. 1/n च्या श्रेढीत गुणोत्तर n/(n+1) नेहमीच १ पेक्षा लहान असते, तरी ती अपसारी आहे.

सीमा १ आल्यावर आधी दोन फुकटच्या गोष्टी तपासाव्यात. पद शून्याकडे जाते का? (n/(n+1))ⁿ हे पद 1/e कडे जाते, तेव्हा श्रेढी अपसारी, विषय संपला. दुसरी गोष्ट, गुणोत्तर १ कडे कोणत्या बाजूने येते? n!eⁿ/nⁿ साठी ते e/(1+1/n)ⁿ असते, म्हणजे सतत १ पेक्षा मोठे; पदे वाढतच जातात, श्रेढी अपसारी.

गुणोत्तर खालून १ कडे येत असेल तर ते किती वेगाने येते हे पाहावे लागते. राबे यांची कसोटी नेमके हेच मोजते: n(aₙ/aₙ₊₁ − 1) ची सीमा १ पेक्षा जास्त असेल तर श्रेढी अभिसारी, कमी असेल तर अपसारी. येथे भागाकार उलटा आहे, म्हणून निष्कर्षाची दिशाही उलटी. 1/nᵖ साठी ही सीमा p येते, म्हणजे आता फूटपट्टी n च्या घातांची झाली.

उदाहरण म्हणून bₙ = (1·3·5···(2n−1))/(2·4·6···(2n)) घेऊ. पहिली पदे 1/2, 3/8, 5/16, 35/128. गुणोत्तर (2n+1)/(2n+2), सीमा १. राबे कसोटीत n/(2n+1) येते, सीमा 1/2. म्हणून bₙ ची श्रेढी अपसारी. bₙ चा घन घेतला तर सीमा तिप्पट, म्हणजे 3/2, आणि श्रेढी अभिसारी. वर्ग घेतला की मात्र सीमा पुन्हा नेमकी १ येते आणि राबे कसोटीही थांबते.

इथे गाउस यांची कसोटी कामी येते. १८१२ च्या अतिगुणोत्तरी श्रेढीवरील लेखनात त्यांनी हा प्रश्न हाताळला होता. aₙ/aₙ₊₁ हे 1 + h/n + Bₙ/n² असे लिहिता आले आणि Bₙ मर्यादित राहिला, तर h > 1 असताना श्रेढी अभिसारी, h ≤ 1 असताना अपसारी. म्हणजे h = 1 ची कोंडी येथे फुटते. bₙ² साठी उलटे गुणोत्तर 1 + (4n+3)/(2n+1)² आहे. त्यातून 1 + 1/n वजा केले की −(n+1)/(n(2n+1)²) उरते, आणि ते 1/n² च्या प्रतीचे आहे. h = 1, म्हणून श्रेढी अपसारी.

हे कसोटीविनाही पडताळता येते. bₙ² चे घटक वेगळे जुळवले तर ते 1/(4n) गुणिले (2k+1)²/(2k(2k+2)) अशा, k = 1 ते n−1 पर्यंतच्या, अपूर्णांकांचा गुणाकार होते. प्रत्येक अपूर्णांकाचा अंश छेदापेक्षा १ ने मोठा आहे. म्हणून bₙ² ≥ 1/(4n), आणि 1/n ची श्रेढी अपसारी असल्याने हीही अपसारी. n = 4 ला (35/128)² सुमारे ०.०७५ आहे आणि 1/16 म्हणजे ०.०६२५. अशी थेट तुलना सुचली तर तीच उत्तम. कसोट्या ती न सुचणाऱ्यांसाठी आहेत.

गाउस कसोटीलाही न जुमानणारी पदे आहेत. 1/(n log n) चे उलटे गुणोत्तर सुमारे 1 + 1/n + 1/(n log n) असते. शेवटचे पद 1/n² पेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे गाउस यांची अट मोडते. पदात log दिसला, पदे घटती असली, की कोशी यांची संघनन कसोटी घ्यावी: aₙ च्या श्रेढीऐवजी 2ᵏ गुणिले 2ᵏ वे पद अशी श्रेढी तपासायची, दोघींचा निकाल सारखाच लागतो. इथे 1/(k log 2) येते, म्हणून अपसारी. log चा वर्ग असता तर 1/k² च्या प्रतीचे पद आले असते आणि श्रेढी अभिसारी ठरली असती.

घातश्रेढीत सीमा १ चा प्रसंग अभिसरण अंतरालाच्या टोकांवर अटळच असतो, कारण अभिसरण त्रिज्या ठरते तीच मुळी ही सीमा १ धरून. 4ⁿbₙxⁿ या पदांच्या श्रेढीची त्रिज्या 1/4 आहे. x = 1/4 ला वरचीच अपसारी श्रेढी मिळते. x = −1/4 ला पदांची चिन्हे आलटून पालटून येतात, bₙ घटत शून्याकडे जाते, आणि लायब्निट्स कसोटीने श्रेढी अभिसारी ठरते, पण सशर्त.