पडद्यावरच्या छुप्या जाहिरातीचा खुलासा

“सिनेमाच्या पडद्यावर ‘कोक प्या, पॉपकॉर्न खा’ असं क्षणभर चमकवलं आणि विक्री वाढली, हे खरं ना?”

नाही. हा दावा जेम्स व्हिकरी या अमेरिकन जाहिरात-संशोधकाने 1957 मध्ये केला. पॉपकॉर्नची विक्री 57 टक्क्यांहून जास्त वाढली, असं तो सांगे. सविस्तर नोंदी मात्र त्याने कधीच दाखवल्या नाहीत. 1962 मध्ये त्यानेच कबूल केलं की हाती आलेली माहिती निष्कर्ष काढण्याइतकी नव्हतीच. पण तोवर लोक घाबरले होते ते घाबरलेच.

1958 मध्ये कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने एका टीव्ही कार्यक्रमात ‘आता फोन करा’ हा संदेश 352 वेळा चमकवला. फोन वाढले नाहीत. संदेश काय होता ते ओळखा म्हटल्यावर शेकडो पत्रं आली, एकही उत्तर बरोबर नव्हतं. उलट अनेकांनी कळवलं की आम्हाला भूक-तहान लागली! व्हिकरीची बातमी त्यांच्या डोक्यात होती, हेच त्याचं पटणारं कारण.

परिणाम अगदीच शून्य असतो असंही नाही. 2006 मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगात ‘लिप्टन आइस’ हे नाव नकळत दाखवल्यावर ते पेय निवडण्याकडे कल वाढला; पण फक्त आधीच तहानलेल्यांचा, आणि तोही प्रयोगशाळेत, लगेच विचारल्यावर.