गुळवेल, आवळा आणि रेडिएशन: डॉक्टर सगळं का विचारतात

पुण्यात कॅन्सरचं निदान झालं की आठवडाभरात घरात पुड्या येऊ लागतात. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून गुळवेल, नातेवाइकांकडून आवळ्याचा रस, कुणीतरी पाठवलेल्या ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल. यामागे माया असते, आणि एक जुना वैज्ञानिक तर्कही.

भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, तेव्हा त्यातलं बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंटच वेगळं काढून द्यावं का, हा प्रश्न १९८१ मध्ये शास्त्रज्ञांनी गांभीर्याने मांडला. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला तो उलटाच: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर सुमारे १८ टक्क्यांनी जास्त.

उपचार चालू असतानाचा प्रश्न आणखी नाजूक. रेडिएशन पेशीत फ्री रॅडिकल तयार करतं आणि त्यांच्याच माऱ्याने गाठीचा डीएनए तुटतो. अँटिऑक्सिडंट हे रॅडिकल शमवतात. मग निरोगी पेशींबरोबर गाठही वाचणार नाही का? कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरचे ५४० रुग्ण रेडिएशन घेत असताना त्यांतल्या निम्म्यांना रोज ४०० युनिट ई-जीवनसत्त्व दिलं गेलं, सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही. दोन्ही मिळून घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास कमी झाला. पुढच्या पाठपुराव्यात मात्र ई-जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त निघाले. तोंडाची आग कमी झाली म्हणजे औषध लागू पडलं, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. म्हणून हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. ताटातल्या आवळ्याचा किंवा भाजीचा इथे प्रश्न नाही, गोळीतल्या एकवटलेल्या मात्रेचा आहे.

गुळवेलीचा धोका वेगळा. कोरोनाकाळात घरोघरी काढे उकळले गेले, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण कॅन्सरच्या डॉक्टरपुढचा पेच त्याने सुटत नाही.

समजा, एका बाईंची केमो चालू आहे. तिसऱ्या सायकलआधीच्या रक्ततपासणीत यकृताची इजा दाखवणारा एसजीपीटी चौपट निघतो. कारण केमो असू शकतं, जुनी कावीळ असू शकते, यकृतात पसरलेला आजारही असू शकतो. काढ्याची माहितीच नसेल, तर डॉक्टर केमोचा डोस कमी करतात, सायकल पुढे ढकलतात, स्कॅन लिहून देतात. काढा माहीत असला तर तो आधी बंद करायला सांगून आठ-दहा दिवसांनी तपासणी पुन्हा करून बघता येते. आकडा खाली आला तर संशय काढ्यावर जातो, आणि केमोचा डोस उगाच कापावा लागत नाही.

म्हणून ‘काही घेता का?’ याला ‘नाही, फक्त आयुर्वेदिक’ हे उत्तर पुरत नाही. डबे, बाटल्या, सुट्या पुड्यांचे फोटो, किती आणि कधीपासून, हे सगळं पहिल्या सायकलआधीच दाखवावं. वैद्यांनी दिलेलं असेल तर त्यांची चिठ्ठीही.