जाहिरातीतील तारांकन व तळटीप : प्रूफवर सही करण्यापूर्वी

आमच्या छापखान्यात आंब्याच्या हंगामापूर्वी फ्लेक्सची गर्दी होते आणि प्रूफ पाहताना ग्राहकांचे लक्ष बहुधा फोटो व फोन नंबरावरच जाते. ताऱ्याखालची ओळ कोणी वाचत नाही, आणि पुढे तक्रार नेमकी तिच्यावरूनच येते.

गेल्या हंगामात एका बागायतदारांनी ‘पाच डझनांची हापूस पेटी घरपोच मोफत*’ असा मथळा आणला होता आणि तळाशी ‘* वाहतूक खर्च वेगळा’ असे लिहिले होते. ही अट नव्हे, हा मथळ्याचा इन्कारच झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी टीप दाव्याचा खुलासा करू शकते, त्याला मर्यादा घालू शकते; परंतु मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही आणि दिशाभूल करणारा दावा नंतर सावरूनही घेऊ शकत नाही.

हे तपासण्याची सोपी रीत अशी, की टीप बोटाने झाकून मथळा घरातल्या कोणालाही वाचायला द्यावा आणि ‘किती पैसे द्यावे लागतील?’ असे विचारावे. नंतर बोट काढावे. ‘अरे, म्हणजे मोफत नाहीच!’ असे उत्तर आले तर टीप बदलून भागत नाही, मथळाच बदलावा लागतो. त्यांची खरी सवलत तीन पेट्यांच्या मागणीवर आणि फक्त मुंबई-पुण्यासाठी होती. म्हणून आम्ही ‘तीन पेट्या घ्या, मुंबई-पुण्यात घरपोच मोफत’ एवढेच मोठ्या अक्षरांत घेतले, आणि मग ताऱ्याची गरजच उरली नाही.

तारा ठेवायचाच असेल तर तो ज्या शब्दाला अट लागू आहे त्यालाच लावावा आणि टीप त्या दाव्याच्या लगत, त्याच भाषेत व त्याच फॉन्टमध्ये घ्यावी. मराठी मथळ्याखाली इंग्रजी अटी आल्या, तर आम्ही त्या परत पाठवतो.

अक्षर किती मोठे हवे, हे मोबाइलवर कळत नाही, कारण तिथे प्रत्येक जण बोटांनी मोठे करून पाहतो. महामार्गालगतचा १० फूट रुंदीचा फ्लेक्स ६० फुटांवरून जसा दिसतो, तसाच त्याचा १० इंच रुंदीचा प्रिंट ५ फुटांवरून दिसतो, कारण दोन्ही मापे बारा पटींनी कमी झालेली असतात. त्यामुळे फ्लेक्सवरचे एक इंचाचे अक्षर त्या प्रिंटमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरचे उरते आणि पाच पावलेही नाहीत अशा अंतरावरून ते वाचता येत नाही. गाडीतल्या माणसाला तर तेवढी सवडही नसते.

असा प्रिंट आम्ही प्रत्येक फ्लेक्सच्या प्रूफबरोबर देतो. तो भिंतीला लावून, ५ फूट मोजून, चष्म्याचा नंबर असल्यास चष्म्यासह, एकदाच वाचावा आणि टीप वाचता आली तरच सही करावी.