हलच्या मुलांचे निबंध आणि मनोधैर्याचं मोजमाप

1942 च्या सुरुवातीला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदरात शाळकरी मुलांना एक निबंध लिहायला सांगितला गेला. विमानहल्ल्याच्या वेळी माझं काय झालं आणि मी काय केलं, हा त्याचा विषय. मे 1941 मध्ये जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढलं होतं. मुलांनी तळघरातल्या रात्री, पडलेली भिंत, आईने केलेला चहा असं सगळं लिहिलं. हे निबंध शिक्षकांसाठी नव्हते, सरकारी शास्त्रज्ञांसाठी होते. आपल्यावर पडलेल्या बॉम्बचा माणसांवर नेमका काय परिणाम झाला, ते त्यांना मोजायचं होतं. तेच जर्मनीवर करायचं तर किती बॉम्ब लागतील, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

शहरावर बॉम्ब टाकून लोकांचा धीर मोडायचा, ही कल्पना पहिल्या महायुद्धातली. 13 जून 1917 रोजी गोथा जातीच्या जर्मन विमानांनी भरदिवसा लंडनवर हल्ला केला आणि 162 माणसं मारली. त्यांत पॉपलर भागातल्या एका शाळेची 18 मुलं होती. शहर हादरलं. हल्ला लहान होता, पण भीती मोठी होती, आणि तिच्यातूनच पुढचा सिद्धांत निघाला. खंदकांत वर्षानुवर्षं कुजत लाखो सैनिक गमावण्यापेक्षा सैन्याच्या डोक्यावरून उडून थेट मागच्या शहरांवर घाव घालावा, मग लोकच सरकारला युद्ध थांबवायला लावतील. इटलीच्या जुलिओ दुहे यांनी 1921 मध्ये हा विचार सविस्तर मांडला. ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड तर म्हणत की बॉम्बचा मनावरचा परिणाम भौतिक नुकसानीच्या वीस पट असतो. हा वीसचा आकडा कुठल्याही मोजणीतून आलेला नव्हता.

पण ब्रिटनने हा मार्ग प्रत्यक्षात धरला त्यामागे सिद्धांताइतकीच एक अडचण होती. दिवसा गेलेली ब्रिटिश विमानं जर्मन लढाऊ विमानांकडून पाडली जात, म्हणून बॉम्बफेक रात्री करायची. रात्री कारखाना सापडतो का? ऑगस्ट 1941 मध्ये बट नावाच्या अधिकाऱ्याने विमानांतून काढलेले सहाशेहून अधिक फोटो तपासले. ज्या विमानांनी ‘लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ असं कळवलं होतं, त्यांतलं तीनांतलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत पोचलं होतं. कारखान्यांच्या धुराने झाकलेल्या जर्मनीतल्या रूर खोऱ्यात तर दहांतलं एक. आठ किलोमीटरची चूक करणाऱ्याला नेम धरता येईल अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे अख्खं शहर. ब्रिटिश हवाई दलाला मिळालेल्या 14 फेब्रुवारी 1942 च्या आदेशात म्हणूनच शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवलं गेलं. आधी चूक केवढी होते ते कळलं, मग त्या मापाचं लक्ष्य निवडलं गेलं, असं मला हा घटनाक्रम वाचताना वाटतं.

या आदेशाला आकड्यांचं बळ दिलं ते चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी. 30 मार्च 1942 च्या त्यांच्या टिपणातला हिशेब अगदी साधा आहे. दाट वस्तीवर पडलेला एक टन बॉम्ब 100 ते 200 माणसांना बेघर करतो. एक विमान नष्ट होण्यापूर्वी साधारण 14 फेऱ्या मारतं, दर फेरीला तीन टन, म्हणजे आयुष्यभरात सुमारे 40 टन. दहा हजार विमानं बनवली आणि त्यांचा निम्माच भार वस्तीवर पडला, तरी दोन लाख टन होतात. टनामागे शंभर माणसं धरली तर दोन कोटी बेघर, म्हणजे जर्मनीच्या 58 मोठ्या शहरांतली बहुतेक सगळी वस्ती. घर गेल्यावर माणूस मोडतो, जवळचं माणूस गेल्यापेक्षाही जास्त, असं चेरवेल यांनी लिहिलं आणि आधार म्हणून हलचं नाव घेतलं.

आता मूळ पाहणी काय म्हणत होती ते बघू. हल आणि बर्मिंगहॅमची ही पाहणी प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन आणि स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल यांच्या देखरेखीखाली झाली. तिचा अहवाल चेरवेल यांच्या टिपणानंतर काही दिवसांनी पूर्ण झाला. माहिती मात्र त्यांच्याकडे आधीच पोचली होती. अहवाल सांगतो की दोन्ही शहरांत घबराट माजल्याचा कसलाही पुरावा नाही आणि लोकांच्या आरोग्यावर मोजता येईल असा परिणाम नाही. हलची हजारो माणसं रोज संध्याकाळी गावाबाहेर झोपायला जात, त्याला वर्तमानपत्रांनी धीर सुटल्याची खूण म्हटलं होतं. पाहणीने त्याला विचारपूर्वक केलेली तजवीज म्हटलं. पळून गेलेला माणूस परत येत नाही. ही माणसं रात्री जीव वाचवत आणि सकाळी कामाच्या जागी हजर होत.

टिझार्ड आणि ब्लॅकेट या दोन शास्त्रज्ञांनी चेरवेल यांचा हिशेबही तपासला. एकाने नुकसानीचा अंदाज पाचपट फुगवलेला ठरवला, दुसऱ्याने सहापट. तरीही धोरण पुढे गेलं.

जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गची पाळी आली. 27 तारखेच्या रात्री कोरड्या, गरम हवेत हजारो आगी एक झाल्या. तापलेली हवा वर उठली, तिच्या जागी चहूबाजूंनी वादळी वेगाने वारा आत ओढला गेला, आणि तळघरांत बसलेली माणसं उष्णतेने आणि विषारी वायूने गेली. आठवडाभराच्या हल्ल्यांत 35 हजारांहून अधिक माणसं मेली, नऊ लाखांच्या आसपास शहर सोडून गेली. मनोधैर्य मोडायचं असेल तर ते इथेच मोडायला हवं होतं. शस्त्रनिर्मितीचे मंत्री श्पेअर यांनाही तशी भीती वाटली होती. पण पाच महिन्यांत शहराचं उत्पादन पूर्वीच्या सुमारे 80 टक्क्यांवर आलं.

याचा उलगडा युद्ध संपल्यावर झाला. 1945 च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी पथकाने साडेतीन हजारांहून अधिक जर्मन नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्नावलीत मतांची पायरी लावण्याची ‘लायकर्ट मोजपट्टी’ यांचीच. हरलेला माणूस जेत्याला काय सांगेल, ही शंका रास्त होती, म्हणून युद्धकाळातली पत्रं आणि नाझींचे गुप्त अहवालही ताडून पाहिले गेले.

त्यातून दिसलं की ‘मनोधैर्य’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या होत्या. मनातली आशा खरोखर ढासळली होती. विजयावरचा आणि नेत्यांवरचा विश्वास उडाला होता, थकवा आणि उदासी आली होती. पण वागणं फारसं बदललं नाही. कामावर गैरहजेरी वाढली, तरी यंत्रं चालू होती तोवर लोक काम करत राहिले. घर गेलेल्या माणसाला शिधा, पांघरूण, खोली देणारी व्यवस्था सरकार आणि नाझी पक्षाच्याच हातात होती, तेव्हा बॉम्बने तो त्यांच्यावर अधिकच अवलंबून झाला. कुरकुर करणाऱ्यामागे नाझींची गुप्त पोलीस संघटना गेस्टापो होती. आणि रात्रभर तळघरात बसलेल्याकडे बंडासाठी ताकद कुठून यावी?

शहरांची तुलना तर आणखी बोलकी होती. बॉम्ब न पडलेल्या आणि थोडे पडलेल्या शहरांत मनःस्थितीचा फरक स्पष्ट होता. पण मध्यम मारा झालेलं शहर आणि त्याच्या कित्येक पट मारा झालेलं शहर यांत फारसा फरक नव्हता. सुरुवातीच्या बॉम्बनी जे करायचं ते केलं होतं. त्यापुढच्या हजारो टनांनी घरं पाडली आणि माणसं मारली, पण उरलेल्यांच्या मनात आणखी खाली जायला जागाच नव्हती.