प्रसंग आणि प्रसंगाच्या वेशातली घोषणा

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या कथा वाचण्याचे काम काही वर्षे केल्यामुळे आटत्या विहिरीवरचे आणि करपलेल्या पिकावरचे बरेच लेखन माझ्या हाताखालून गेले आहे. त्यातले उघड घोषणाबाज लेखन चटकन ओळखू येते आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. फसवणूक होते ती दुसऱ्या प्रकारात. तिथे माणूस असतो, शेत असते, विहीर असते, वेळही सांगितलेली असते, त्यामुळे लेखकाला प्रामाणिकपणे वाटते की आपण प्रसंग लिहिला आहे. प्रत्यक्षात त्याने घोषणेलाच धोतर नेसवून बांधावर बसवलेले असते. या दोन गोष्टी वरवर इतक्या सारख्या दिसतात की त्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

आधी वेशातली घोषणा पाहू. कोणाच्या लेखनावर बोट ठेवायला नको, म्हणून नमुना मीच रचतो: "मे महिन्याचे ऊन आग ओकत होते. भेगाळलेल्या जमिनीवर उकिडवा बसून तो आभाळाकडे पाहत होता. विहिरीने तळ गाठला होता आणि त्याच्या डोळ्यांतले पाणीही आटले होते."

वाक्ये वाचायला वाईट नाहीत, परंतु ती जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरकडच्या केळीच्या शेतात नेऊन ठेवली की एकेक करून निखळू लागतात. काळी जमीन उन्हाळ्यात पडीक असेल तर चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही भेगाळते, तो त्या मातीचा स्वभावच आहे, आणि जमीन चांगली तापली म्हणून शेतकरी समाधानही मानतो. उलट ज्या केळीची चिंता आहे, तिच्या बुंध्याशी ठिबकची नळी असल्यामुळे तिथली माती ओली असते, आणि संकट त्या ओलाव्याचा घेर रोज थोडा थोडा लहान होत जाण्यात असते. आभाळाकडे पाहणे तर याहून फसवे आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे कोणी पावसाची वाट पाहत नाही, कारण मृग महिन्याहून जास्त लांब असतो. त्या दिवसांत केळीवाला आभाळाकडे पाहतो तो ढग आले की काय या धास्तीने, कारण उन्हाळी वादळाच्या एका झपाट्यात घड लागलेली झाडे आडवी होतात. ज्या नजरेत लेखकाला आशा दिसते, ती खरी भीती आहे.

राहिली विहीर. तिने तळ गाठला, असे म्हटले की एक गोष्ट संपल्यासारखी वाटते, आणि इथेच मोठी चूक होते. काळ्या पाषाणातली विहीर एखाद्या हंड्यासारखी रिकामी होत नाही. खडकाच्या वरच्या झिजलेल्या थरातून आणि सांध्यांतून तिच्यात पाझर येत राहतो. मोटर बंद झाली की विहीर भरू लागते, मोटर सुरू झाली की उतरते, आणि आटणे म्हणजे हे रात्रीतले भरणे दर आठवड्याला थोडे थोडे कमी होणे. म्हणून तिथल्या माणसाला विहिरीत पाणी किती आहे यापेक्षा आज मोटर किती मिनिटे चालली, हे जास्त महत्त्वाचे असते.

प्रसंग त्या मिनिटांत आहे. आता तो उभा करून पाहतो.

वीस फूट व्यासाची विहीर आहे, म्हणजे एक फूट पाण्याला सुमारे ९ हजार लिटर. पाच अश्वशक्तीची मोटर ठिबकवर तासाला अंदाजे १८ हजार लिटर देते. एक एकर कांदेबाग आहे, म्हणजे मागच्या ऑक्टोबरात लावलेली केळी, पाच बाय पाच फुटांवर, साधारण १७४० झाडे. या उन्हात झाडाला दिवसाला २० लिटर धरले तर बागेला ३५ हजार लिटरच्या आसपास पाणी हवे. एप्रिलच्या मध्यात विहीर रात्रीतून तीन फूट भरायची आणि मोटर दीड तास चालायची, म्हणजे २७ हजार लिटर मिळायचे. कमीच, पण भागत होते. आता ती जेमतेम दोन फुटांच्या वर भरते. हे सारे गणित लेखकाने वहीत करावे, कथेत नव्हे. कथेत त्यातली एकच संख्या यावी.

त्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची आहे. मुलगा विहिरीच्या काठावर बॅटरी घेऊन बसला आहे, आणि त्याचे वडील, नाना, फिल्टरपाशी, दाबाच्या घड्याळासमोर. विहिरीतले पाणी पाहायला वाकावे लागते, पण त्याआधी घड्याळाचा काटाच सांगतो: पाणी फुटबॉलच्या, म्हणजे पाइपच्या खालच्या तोंडाशी बसवलेल्या झडपेच्या, जवळ आले, मोटर पाण्याबरोबर हवा ओढू लागली की काटा थरथरतो आणि मग खाली येतो. त्या क्षणी बंद केली नाही तर मोटर कोरडी फिरून जळते. म्हणून दोघे जागे आहेत.

"किती झाले?" नाना विचारतात.

"साठ."

काटा स्थिर आहे. नाना काही बोलत नाहीत. पाच मिनिटांनी काटा हलतो आणि मुलगा न सांगताच बटण दाबतो. नळ्यांतले उरलेले पाणी खालच्या अंगाला थोडा वेळ गळत राहते, तो आवाज संपेपर्यंत कोणी जागचे उठत नाही.

पासष्ट मिनिटे म्हणजे साडेएकोणीस हजार लिटर. सगळ्या झाडांना वाटले तर प्रत्येकी ११ लिटर पडतात, आणि इतक्या पाण्यावर या उन्हात सगळी बाग अर्धपोटी राहते. अर्ध्या बागेला पुरते दिले तर ती अर्धी घड धरून उभी राहू शकते, मात्र उरलेली सोडावी लागते. बागेत दोन व्हॉल्व्ह आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. पश्चिमेकडून लू येते, तिकडची पाने आधीच कडांनी करपून मधल्या शिरेवर मिटलेली आहेत, तेव्हा सोडायची तर पश्चिमच, हे दोघांनाही कळते. अडचण अशी, की केळी ओळीने निसवत नाही. पश्चिमेच्या भागातही काही झाडांनी घड बाहेर टाकले आहेत.

"तिकडे निसवलेली किती?" नाना विचारतात.

"शेहेचाळीस," मुलगा लगेच सांगतो.

प्रसंगातला संवाद इथे संपवावा, असे माझे मत आहे. मुलाने आकडा लगेच सांगितला, याचा अर्थ तो दिवसा कधीतरी एकटा जाऊन मोजून आला होता, म्हणजे हा निर्णय त्याने नानांच्या आधीच घेऊन ठेवला होता आणि बोलला नव्हता. ही गोष्ट लेखकाने सांगायची नाही. वाचक ती "लगेच" या एका शब्दातून काढतो, आणि ती त्याने स्वतः काढल्यामुळे त्याच्याजवळ राहते. आकड्याऐवजी मुलगा "आता काय होणार आपलं" असे म्हणाला असता, तर दोघेही वाचकाकडे तोंड करून उभे राहिले असते.

आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. वेशातल्या घोषणेतला माणूस काहीही करत नाही, तो फक्त दिसतो. त्याची चिंता पूर्ण झालेली आहे, तिला नाव मिळालेले आहे, आणि लेखक ती वाचकाला दाखवतो आहे. दुसऱ्या मजकुरात चिंता हा शब्द येत नाही, कारण ती अजून मोजली जात आहे. त्या दोघांपुढे काहीतरी करायचे शिल्लक आहे आणि जे करतील त्याची किंमत आहे. माझा अनुभव असा, की हस्तलिखितात कोणत्या बाजूचे लेखन आहे हे ठरवायला एवढे पाहणे बहुधा पुरते: त्या पानावरच्या माणसाला दोन वाईट गोष्टींतून एक निवडायची आहे की नाही. बसून राहणे, पाहणे, उसासा टाकणे ही निवड नव्हे.

जागा बदलून पाहण्याचीही एक युक्ती आहे. भेगाळलेल्या जमिनीचा परिच्छेद बीडमध्ये नेला, बुंदेलखंडात नेला, तरी एक शब्द बदलावा लागत नाही. नाना आणि त्यांच्या मुलाचा प्रसंग जामनेरहून उचलून जिल्ह्यातल्याच रावेर-यावलला नेला तरी मोडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या गाळात खडक लवकर लागत नाही, पाणी खोल बोअरचे असते, आणि तिथे रात्रीतून भरणाऱ्या फुटांची मोजणी होत नाही. तिथल्या माणसाची चिंता मोटर आणखी खाली सोडायला यंदा किती पाइप वाढवावे लागले या हिशेबात असते, आणि तो प्रसंग रात्री फिल्टरपाशी न घडता, दिवसा पाइपच्या दुकानात, उधारीच्या वहीसमोर घडेल. बोलीचेही तसेच. खान्देश म्हटले की सगळ्यांच्या तोंडी अहिराणी घालणारे लेखक आहेत. जामनेर-भुसावळकडे तावडी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. ज्या लेखकाच्या कानात ती बोली नाही त्याने संवाद आखूड ठेवावेत, "किती झाले?" एवढ्यावर थांबावे. मी वर तेच केले आहे.

याच्या उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा, कारण हे ऐकल्यावर काही लेखक तपशिलांचा ढीग घालतात. व्यास, लिटर, अश्वशक्ती, झाडांतले अंतर, सगळे पानावर ओततात आणि प्रसंगाचे माहितीपत्रक होते. तपशील राहतो तो पात्राने त्या क्षणी वापरलेला. नाना पासष्ट मिनिटे वापरतात, मुलगा शेहेचाळीस झाडे वापरतो. विहिरीचा व्यास त्या रात्री कोणी वापरत नाही, म्हणून तो माझ्या वहीत राहिला पाहिजे.

घोषणेला मी कमी लेखत नाही. तहसील कचेरीवर मोर्चा नेताना "शेतीला दिवसा वीज द्या" हेच म्हणायला हवे, तिथे नाना आणि दाबाचे घड्याळ सांगत बसलो तर ऐकणारा उठून जाईल. मागणी आखूड, सगळ्यांची आणि उत्तर मागणारी असावी लागते. आणि पाणीपातळी का खाली गेली, उपसा किती, पुनर्भरण किती, हे सांगायला लेखच लागतो, प्रसंगाला ते ओझे पेलत नाही. तक्रार आहे ती फक्त मोर्च्यातले वाक्य कथेच्या बांधावर आणून बसवण्याविषयी.

वरच्या प्रसंगाच्या पहिल्या खर्ड्यात "शेहेचाळीस" नंतर माझेही एक वाक्य होते. नाना अंधारात बागेकडे पाहत राहिले, असे काहीतरी. ते खोडले. त्याच्या जागी आता एवढेच आहे, की नाना उठून पश्चिमेच्या व्हॉल्व्हपाशी गेले, चाक फिरवले, ते घट्ट बसले होते म्हणून मुलाला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ते बंद केले.